इमाम शाफई (रह.) आणि पाच वसकचा हिशेब

इमाम मुहम्मद बिन इदरीस शाफई (रह.) यांचं नाव कोकणातल्या मुसलमान घरांना नवं नाही. रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि खाली भटकळपर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांचाच मसलक चालतो. माहीमचे हजरत मखदूम फकीह अली (रह.) हेही शाफईच होते. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात मात्र बहुतेक जण हनफी. मुंबईत दोन्हीकडची माणसं एकाच मशिदीत येतात, आणि आता सोयरिकीही होतात. मग लहानसहान फरक डोळ्यांत भरतात. असरची नमाज झाल्यावर मशिदीत आलेला कोकणी पाहुणा दोन रकात तहिय्यतुल मस्जिद पढून मगच बसतो, त्याचा हनफी व्याही तसाच बसून राहतो. शेतातल्या धान्याच्या जकातीचा विषय निघाला की दोघांचा हिशेब वेगळा येतो. आपण म्हणतो, ज्याचा त्याचा रिवाज. पण हा नुसता रिवाज नाही. एका बाजूला सगळ्यांना लागू होणारा व्यापक हुकूम आणि दुसऱ्या बाजूला काहींनाच लागू होणारा खास हुकूम, असे दोन्ही समोर आले तर काय करायचं, या एका प्रश्नातून असे कितीतरी फरक निघालेले आहेत. पहिल्याला आपले उलमा आम म्हणतात, दुसऱ्याला खास. या प्रश्नाचं शिस्तशीर उत्तर ज्यांनी प्रथम पुस्तकात मांडलं, त्या इमामांच्या आयुष्याकडे आज आम्ही याच बाजूने पाहणार आहोत.

त्यांचा जन्म हिजरी १५० चा, म्हणजे इसवी सन ७६७. त्याच वर्षी बगदादला इमाम अबू हनीफा (रह.) यांचा इंतकाल झाला. जन्म गाझा इथला, पण घराणं कुरैशचं, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वंशाशी नातं सांगणारं. वडील लवकर वारले. नातलगांपासून दूर राहून मुलाची ओळखच पुसली जाईल या काळजीने आईने दोनेक वर्षांच्या मुलाला मक्केला आणलं. घरात गरिबी इतकी की मकतबच्या उस्तादांना द्यायला पैसे नसत. लिहायला कागद मिळत नसे म्हणून हाडांवर लिहून ठेवायचे आणि ती हाडं घरातल्या माठात जमा व्हायची, असं रिवायतींत येतं. सातव्या वर्षी कुरआन हिफ्ज झालं.

त्यानंतरची गोष्ट चरित्रांत दोन ओळींत उरकतात, पण आमच्या मते पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मक्केच्या बाहेर हुजैल नावाची बदाऊनी टोळी होती, तिची अरबी भाषा अस्सल मानली जायची. तरुण शाफई त्यांच्यात जाऊन राहिले. त्यांच्या कविता पाठ केल्या, त्यांच्याबरोबर फिरले, माणसं रोज कशी बोलतात ते कानांनी ऐकलं. तिथे मिळालेलं ज्ञान हदीसचं नव्हतं, भाषेचं होतं. माणूस बोलताना सगळ्यांचा शब्द वापरतो आणि मनात काहीच जण असतात, हे त्यांना व्याकरणाच्या पुस्तकातून कळलेलं नाही.

आपल्या बोलण्यातही हेच आहे. सगळं गाव लग्नाला आलं होतं, असं आपण सहज सांगतो. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आली नव्हती, दुबईला गेलेला मुलगा नव्हता, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि बोलणारा खोटं बोलला असंही कुणी म्हणत नाही. इमाम साहेबांनी आपल्या अर-रिसाला या किताबात याचं उदाहरण थेट कुरआनातून घेतलं. सूरह आले इमरानच्या १७३ व्या आयतीत उहुदनंतरचा प्रसंग आहे. लोकांनी मुसलमानांना येऊन सांगितलं की लोक तुमच्याविरुद्ध जमले आहेत, असा त्याचा आशय. इमाम साहेब दाखवतात की यातले सांगणारे लोक वेगळे, जमलेले लोक वेगळे, आणि ज्यांना सांगितलं ते तिसरेच. शब्द मात्र सगळ्या माणसांना पुरेल असा. सांगणारे तर फक्त चौघे होते, असं ते नोंदवतात. म्हणजे शब्द आम असला तरी मुराद खास असू शकते, आणि ही भाषेतली खोट नाही, अरबांची बोलण्याची रीतच आहे. पण मुराद खास आहे हे मनाने ठरवायचं नाही, त्याला दलील लागते. दलील मिळेपर्यंत आम शब्द आमच राहतो. त्यांच्या साऱ्या उसूलचा हा पाया.

मक्केत मुफ्ती मुस्लिम बिन खालिद जंजी (रह.) यांच्याकडे शिकून झाल्यावर ते मदिनेला इमाम मालिक (रह.) यांच्याकडे गेले. जाण्याआधी मालिक यांचा मुवत्ता हा ग्रंथ पाठ करून गेले होते. हिजरी १७९ मध्ये इमाम मालिक यांचा इंतकाल होईपर्यंत ही शागिर्दी टिकली. मदिना म्हणजे खजुरीच्या बागांचं शहर, आणि तिथल्या एका व्यवहारात आम आणि खासचा नमुना स्वच्छ दिसतो.

झाडावरची ताजी खजूर सुक्या खजुरीच्या बदल्यात विकायला मनाई आहे. या सौद्याला मुजाबना म्हणतात. कारण समजायला सोपं आहे. सुकी खजूर मापून देता येते, झाडावरची किती भरेल याचा अंदाजच करावा लागतो, आणि ती सुकल्यावर घटते. एकाच जिन्नसाची अदलाबदल बरोबरीनेच व्हायला हवी, आणि इथे बरोबरी कळत नाही. हा झाला आम हुकूम. पण दुसऱ्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) अराया नावाच्या सौद्याला सूट दिली. इमाम शाफईंनी नोंदवलेल्या रिवायतीप्रमाणे काही गरजू लोकांची अडचण होती. ताज्या खजुरीचा मोसम यायचा, मुलाबाळांना खावीशी वाटायची, हातात रोकड नसायची, घरात फक्त गेल्या वर्षीची सुकी खजूर शिल्लक असायची. त्यांना झाडावरच्या फळाचा अंदाज काढून तेवढ्या सुक्या खजुरीच्या बदल्यात ते घेण्याची परवानगी मिळाली.

आता दोन्ही हदीस समोर ठेवून कुणी म्हणेल, एकीत मनाई आहे आणि दुसरीत परवानगी, म्हणजे एक खरी आणि एक रद्द. इमाम साहेब तसं करत नाहीत. मनाई आपल्या जागी कायम, सूट आपल्या जागी कायम, आणि सुटीची हद्द हदीसने आखली तेवढीच. ही हद्द पाच वसकची. पण रिवायतीत रावीला शंका आहे की शब्द पाच वसकपर्यंत असे होते की पाचपेक्षा कमी असे. इमाम साहेबांनी पाचपेक्षा कमी हे पसंत केलं. त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. मूळ हुकूम मनाईचा आहे, सूट त्यातून बाहेर काढलेली आहे. जेवढं नक्की बाहेर काढलं गेलं तेवढंच बाहेर, जिथे शंका आली तिथे माल मूळ हुकमाकडे परत जातो. याउलट इमाम अबू हनीफा (रह.) यांनी अराया हा सौदाच मानला नाही. त्यांच्या मते बागवाला एखाद्या झाडाचं फळ कुणाला दान देतो, मग त्या माणसाची बागेत ये-जा अडचणीची वाटते म्हणून ताज्या फळाऐवजी सुकी खजूर देतो. म्हणजे देणगीच बदलून दिली, विक्री झालीच नाही, आणि मनाईला धक्काही लागला नाही. दोघांनीही दोन्ही हदीस सांभाळल्या, फक्त सांभाळण्याची रीत वेगळी.

मदिनेनंतर इमाम साहेबांना यमनकडे सरकारी काम मिळालं. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून आईने घर गहाण ठेवलं, अशी रिवायत आहे. तिथे त्यांच्यावर खलिफाविरुद्धच्या अलवी गटाशी संबंध असल्याचा आरोप आला आणि हिजरी १८४ मध्ये त्यांना बेड्या घालून हारून रशीद यांच्यापुढे उभं केलं गेलं. जीव जाण्याची वेळ होती. ते सुटले, आणि सुटकेसाठी काझी मुहम्मद बिन हसन शैबानी (रह.) यांनी शब्द टाकला असं चरित्रकार सांगतात. हे शैबानी म्हणजे इमाम अबू हनीफांचे थोर शागिर्द. यमनची नोकरी गेली, पण इराकचा इल्म त्यांच्या हाती आला. शैबानींकडून त्यांनी हनफी फिकह शिकून घेतली, त्यांचे ग्रंथ उतरवून घेतले, आणि त्यांच्याशी वादही केले. उपकारकर्ता, उस्ताद आणि वादातला प्रतिपक्ष, तिन्ही एकच माणूस. आजच्या आमच्या मजलिसींत हे जमत नाही, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

इराकमध्ये त्यांना जो प्रश्न भेटला तो शेताच्या जकातीवरून समजून घेऊ, कारण तो आजही आपल्या दारात आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यावर जे पिकलं त्यात दहावा हिस्सा, आणि जे मोट-रहाटासारखं कष्टाने पाणी ओढून पिकवलं त्यात विसावा हिस्सा. किती पिकलं तर द्यायचं, याचा इथे उल्लेख नाही. शब्द आम आहे, थोडं पिकलं किंवा खूप पिकलं, दोन्ही त्यात येतात. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या हदीसचा आशय वेगळा. पाच वसकपेक्षा कमी खजुरीत जकात नाही, पाच ऊकियापेक्षा कमी चांदीत नाही, पाचपेक्षा कमी उंटांत नाही. हा खास.

वसक हे वजन नव्हे, माप आहे, आपल्याकडच्या पायलीसारखं. एका वसकात ६० साअ, म्हणजे पाच वसकचे ३०० साअ. आजच्या हिशेबाने धान्यानुसार साधारण ६०० ते ६५० किलोच्या आसपास. माप भरायचं की वजन करायचं आणि दाणा कुठला, यावर आकडा थोडा सरकतो, म्हणून हद्दीवर अडलेल्या शेतकऱ्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

समजा एका शेतकऱ्याचा पावसावरचा गहू ४०० किलो झाला. इमाम अबू हनीफांच्या मते त्याने ४० किलो द्यायचा, कारण पहिल्या हदीसने कमी-जास्त असा भेद केलेला नाही. इमाम शाफईंच्या मते काहीच द्यायचं नाही, कारण दुसऱ्या हदीसने पाच वसकखालचं पीक पहिल्या हुकमातून बाहेर काढलं. आता पीक ८०० किलो झालं तर दोघांचं उत्तर एकच, ८० किलो. आणि हे पीक रहाटाने पाणी देऊन काढलेलं असेल तर दोघांकडेही ४० किलो. हद्द ओलांडली की शाफईंकडेही सगळ्या धान्यावर हिस्सा लागतो, नुसत्या वरच्या भागावर नाही. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ जण हद्दीएवढं धान्य वजा करून उरलेल्याचा हिशेब करतात, आणि तो चुकतो.

अबू हनीफांना दुसरी हदीस माहीत नव्हती, असं कुणी समजू नये. हनफी बाजूने तिचा अर्थ लावला तो असा. त्या काळात खजुरीचा व्यापार वसकवर चालायचा आणि एका वसकची किंमत ४० दिरहम होती. पाच वसकचे झाले २००. आणि २०० दिरहम म्हणजेच पाच ऊकिया चांदी, जकातीचा प्रसिद्ध निसाब. तेव्हा ही हदीस व्यापाऱ्याच्या मालाबद्दल आहे, शेतकऱ्याच्या खळ्याबद्दल नाही. हिशेब नीट बसतो, आणि नाही म्हटलं तरी देखणा आहे.

त्यामागे त्यांचा उसूल आहे. नंतरच्या हनफी उलमांनी तो शब्दांत बांधला. आम हुकूम आपल्या प्रत्येक घटकावर खास हुकमाइतकाच पक्का असतो. पक्क्याला कापायला पक्कंच लागतं. दोन्ही सारखे असतील तर कोणता आधी आला आणि कोणता नंतर ते पाहायचं. खास नंतर आला तर आमचा तेवढा भाग रद्द, आम नंतर आला तर खासच रद्द. तारीख कळली नाही तर दोघांची टक्कर मानायची आणि कशावर सगळ्यांचं एकमत आहे, कशात सावधगिरी आहे ते बघून एकाला पुढे करायचं. जकातीत सावधगिरी म्हणजे गरिबाचा हक्क बुडू न देणं. म्हणून थोड्या पिकावरही हिस्सा.

इमाम शाफईंचा उसूल इथे वेगळा होतो. त्यांच्याकडे तारखेचा प्रश्नच फारसा उरत नाही. खास आधी आला की नंतर, तो आमचा अर्थ सांगणारा आहे, त्याच्याशी लढणारा नाही. हुजैलमध्ये राहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नव्हतं. आम शब्दातून काहीजण वगळलेले असणं हीच बोलण्याची नेहमीची तऱ्हा, मग वगळलेले कोण हे सांगणारी विश्वासू माणसाची बातमी आली तर ती घ्यायची, भले ती एकाच रावीची असो. एका हदीसमध्ये जकातीचे दर सांगितले, दुसरीत ती कुठून सुरू होते ते सांगितलं. दोन्हींवर एकाच वेळी अमल होतो आणि कुणालाच बाजूला ठेवावं लागत नाही. शाफई बाजूचा आणखी एक मुद्दा वजनदार आहे. त्याच एका हदीसमधली चांदीची हद्द सगळे मानतात, उंटांचीही मानतात, तर खजुरीची का नाही?

गंमत अशी की या मसल्यात खुद्द शैबानी आणि इमाम अबू यूसुफ (रह.) या दोन्ही थोर शागिर्दांनी आपल्या उस्तादांना सोडून पाच वसकची हद्द मानली. इमाम मालिक आणि पुढे इमाम अहमद (रह.) यांचंही तेच. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहात या जागी स्वतःचं मत नोंदवलं आहे की मोघम हदीसचा अर्थ तपशीलवार हदीसने ठरतो. आमचाही कल या मसल्यात तिकडेच आहे. पण अबू हनीफांच्या मताने गरिबाच्या घरी ४० किलो गहू जातो, हेही विसरता येत नाही.

कोकणी वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. खुदरींच्या हदीसमध्ये वसकने मापली जाणारी वस्तू आहे, त्यामुळे शाफई मसलकात धान्याची जकात साठवून ठेवता येईल अशा मुख्य अन्नावर येते आणि फळांत फक्त खजूर व द्राक्षांवर. म्हणून शाफई बागायतदाराच्या हापूसवर पीक म्हणून उशर नाही, इमाम अबू हनीफांच्या मते आंब्यावरही आहे. आंबा विकून आलेला पैसा साठून वर्षभर राहिला तर त्याची जकात दोघांकडेही आहेच. दुसरी गोष्ट भाताची. तांदूळ टरफलासकट साठवतात, आणि टरफल जागा खातं. म्हणून शाफई फुकहांनी न सडलेल्या भाताची हद्द मापाने दुप्पट, म्हणजे दहा वसक ठेवली. सडलेल्या तांदळाची पाचच. कणगीतलं भात मोजून त्याला तांदळाची हद्द लावली तर शेतकऱ्यावर नसलेली जकात लागते.

इराकहून इमाम साहेब मक्केला परतले. हरम शरीफमध्ये त्यांची मजलिस भरू लागली. तिथेच तरुण अहमद बिन हंबल त्यांना भेटले. हिजरी १९५ मध्ये ते पुन्हा बगदादला गेले आणि १९९ च्या सुमारास मिसरला. रिसालाचा पहिला मसुदा बसऱ्याचे हदीसवेत्ते अब्दुर्रहमान बिन महदी (रह.) यांनी केलेल्या विनंतीवरून लिहिलेला होता, मिसरमध्ये त्यांनी तो पुन्हा नव्याने लिहिला. नुसतं पुस्तकच बदललं नाही, कितीतरी मसल्यांत आपली जुनी मतंही बदलली. म्हणूनच शाफई किताबांत जुना कौल आणि नवा कौल असा भेद सापडतो.

तोवर त्यांच्यासमोर नुसते हनफी नव्हते. काही जण असंही म्हणू लागले होते की कुरआनचा शब्द व्यापक आहे, त्याच्यापुढे एकट्या-दुकट्या माणसाच्या हदीसला काय किंमत? यांना उत्तर देताना त्यांनी वारसाहक्काचं उदाहरण घेतलं, आणि ते आपल्या घराघरात कळण्यासारखं आहे. सूरह निसामध्ये आई-वडील, मुलं, नवरा-बायको यांचे हिस्से सांगितले आहेत. शब्द आम. मुलाने बापाचा खून केला तर? आयतीच्या शब्दाप्रमाणे तो मुलगाच आहे, त्याला हिस्सा मिळायला हवा. पण खुन्याला वारसा नाही, हे आपल्याला सुन्नतीतून कळतं. सगळ्या मसलकांनी ते मान्य केलं. चोराच्या शिक्षेच्या आयतीतही चोर हा शब्द आम आहे, पण किती किमतीची चोरी आणि राखलेल्या जागेतून की उघड्यावरून, हे सुन्नतीने ठरवलं. हदीस बाजूला ठेवून नुसत्या आम शब्दावर चाललात तर बापाला मारणारा मुलगा वारस होतो आणि रस्त्यावर पडलेलं फळ उचलणारा हात गमावतो. हे त्यांच्या प्रतिपक्षालाही नको होतं. मग एके ठिकाणी हदीसने आम शब्द आकुंचित केलेला चालतो आणि दुसरीकडे चालत नाही, याला आधार काय, असा त्यांचा सवाल.

पण प्रत्येक खास हदीस म्हणजे अपवाद, असंही नाही, आणि इथे चूक फार होते. ओळखायचं कसं? हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरच्या एका मेलेल्या बकरीबद्दल हदीस आहे की तिचं कातडं कमावून वापरायला हवं होतं. दुसरी हदीस आम आहे, कातडं कमावलं की पाक होतं. आता पहिलीत बकरी आली म्हणून दुसरी फक्त बकरीपुरती करायची का? नाही. दोन्हींचा हुकूम एकच आहे, एकीत सगळी कातडी आणि दुसरीत त्यातलंच एक. अपवाद तेव्हाच, जेव्हा खासचा हुकूम आमच्या उलट जातो. पाच वसकखाली जकात नाही हे द्या म्हणण्याच्या उलट आहे, म्हणून तो अपवाद. बकरीचं कातडं हा फक्त नमुना. एवढी एक कसोटी हाताशी ठेवली तर मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्याअधिक फतव्यांतली गफलत घरबसल्या पकडता येईल.

मिसरमधली वर्षं फार नव्हती. तिथे इमाम मालिकांचे अनुयायी बहुसंख्य होते, आणि त्यांच्याच जुन्या शागिर्दाने उस्तादांच्या मतांवर लिहावं हे अनेकांना खटकलं. इमाम साहेबांनी उस्तादांचा आदर सोडला नाही आणि लिहायचंही सोडलं नाही. प्रकृती ढासळत होती, मूळव्याधीने रक्त जायचं. त्याही अवस्थेत किताबुल उम्मचे भाग शागिर्दांना सांगणं चालू होतं. हिजरी २०४ च्या रजब महिन्याच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी ८२० मध्ये, फुस्तात इथे त्यांचा इंतकाल झाला. वय चांद्र वर्षांनी ५४. कैरोच्या कराफा कब्रस्तानात त्यांची कबर आहे. तिच्यावरचा लाकडी घुमट पुढे अय्यूबी सुलतान कामिल यांनी बांधला. घुमटाच्या टोकावर कळसाच्या जागी धातूची एक छोटी होडी आहे.

त्यांच्या मजलिसीची गादी बुवैती (रह.) यांच्याकडे गेली. कुरआन मखलूक आहे असं म्हणायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना साखळदंड घालून बगदादला नेलं गेलं आणि हिजरी २३१ मध्ये तिथल्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला. मुजनी (रह.) यांनी उस्तादांच्या फिकहचा सारांश लिहिला, तो शतकानुशतकं शाफई मदरशांत शिकवला गेला. तिसरे रबीअ बिन सुलेमान मुरादी (रह.). आज रिसाला आणि उम्म आपल्या हातात आहेत ते त्यांच्या रिवायतीमुळे. कैरोच्या दारुल कुतुबमध्ये रिसालाची एक फार जुनी हस्तलिखित प्रत आहे. तिच्या आधाराने १९४० मध्ये शेख अहमद मुहम्मद शाकिर यांनी तो किताब छापला, आणि ती प्रत रबीअ यांनी उस्तादांच्या हयातीत स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे, असं त्यांचं मत होतं.